जेवताना कुणाला सिरियस ॲलर्जी झाली तर ओळखायचं कसं? पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

मी बरीच वर्षं रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काढलीत. तिथल्या एका रात्रीवरून आमच्या तेव्हाच्या मॅनेजरशी माझं अजून पटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

एका ताईंनी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, काजू चालत नाहीत. ग्रेव्ही बिनकाजूचीच होती, पण ती ढवळायला काजूच्या ग्रेव्हीतला डाव घेतला गेला. चार-पाच घास झाले असतील, ताई सारखं घसा खाकरायला लागल्या, मग आवाज घोगरा झाला, कोरडा खोकला सुटला, म्हणाल्या पोटात ढवळतंय. अंगावर एक गांध नाही, ओठ सुजलेले नाहीत. मॅनेजर म्हणाला ठसका लागलाय, बाकीचे लोक बघतायत, आधी वॉशरूमला न्या. आमच्या एका मुलीने हाताला धरून नेलं आणि दारापाशी पोचायच्या आतच त्या पांढऱ्याफटक पडून कोसळल्या.

तिथेच फरशीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, एकाला ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला. पर्समध्ये ॲड्रेनॅलिनची दोन पेनं होती, म्हणजे मांडीत टोचायची तयार इंजेक्शनं. नवऱ्याचे हात इतके थरथरत होते की पेन मीच घेतलं, कॅप काढली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, कपड्यावरूनच दाबून धरलं. पाच मिनिटांनी फारसा फरक नव्हता, मग दुसरं पेन दुसऱ्या मांडीत. त्यानंतर त्या बोलायला लागल्या.

मॅनेजर आजही म्हणतो, पुरळ नव्हतं तर आम्हाला कळणार कसं? अरे, दरवेळी पुरळ येतच नाही! ॲलर्जी आहे हे माहीत असलेल्या माणसाचा खाल्ल्याखाल्ल्या आवाज बदलला, खोकला किंवा धाप लागली, चक्कर आली की पुरळाची वाट बघायची नाही, पेन द्यायचं. आणि उठवायचं तर अजिबात नाही. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, उभं केलं की रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परत यायला काही उरत नाही. ओकारी येत असेल तर कुशीवर वळवा आणि वॉशरूम विसरा. धाप लागली असेल तर पाय लांब करून बसू दे, पण चालवू नका.

त्या रात्री कुणीतरी आधी ॲलर्जीची गोळी शोधत होतं. ती गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही, आणि तिचा परिणाम सुरू व्हायलाच अर्धा तास जातो.

मी डॉक्टर नाही. पेन नसेल तर आडवं ठेवून ॲम्ब्युलन्स, दुसरा उपाय नाही, आणि श्वास थांबला तर सीपीआर. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, काही तासांनी त्रास परत उलटू शकतो. ताईंना त्या रात्री तिथेच ठेवून घेतलं होतं.

अशा जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, फोन करताना 'ॲनाफिलॅक्सिस' हाच शब्द वापरा. आमच्या मुलाने आधी फोनवर 'बाईंना चक्कर आलीय' एवढंच सांगितलं होतं.