‘ऐवजी’ हा शब्द काढा

*ताई, माझे बाबा ८४ वर्षांचे आहेत, आता अंथरुणालाच खिळलेत. शुद्धीवर अगदी छान असतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, “माझ्या उठावण्याला फुलं नकोत. अंध मुलांच्या वसतिगृहाला काय ते द्या म्हणावं.” निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं ते दर गुरुवारी तिथे मुलांना वाचून दाखवायला जायचे. मी मजकूर लिहून ठेवला: ‘कृपया फुलांऐवजी वसतिगृहास देणगी द्यावी.’ भाऊ म्हणतो, हे मयताच्या घरी झोळी फिरवल्यासारखं दिसतं. मला बाबांचा शब्द मोडायचा नाही. कसं लिहू?*
*— स., सुदामा नगर, इंदूर*

तुमच्या भावाला जे खुपतंय ते खरं आहे, पण ते बाबांच्या इच्छेत नाही. ते ‘ऐवजी’ या एका शब्दात आहे. उठावण्याला येणारा माणूस वाटेत वीस-तीस रुपयांचा हार घेतो, फोटोला घालतो, दोन मिनिटं बसतो आणि जातो. तुम्ही ‘फुलांऐवजी देणगी’ लिहिलंत की त्या हाराची अदलाबदल झाली. आता तीस रुपये तर संस्थेला पाठवता येत नाहीत, मग पाचशे की हजार, हा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू होतो. पेन्शनवर जगणारे बाबांचे जुने सोबती आहेत, त्यांना यावं की नाही असंही वाटू शकतं. झोळी दिसते ती इथे.

म्हणून दोन वाक्यं करा आणि मधे पूर्णविराम द्या. पहिल्यात फुलांचं संपवा, दुसऱ्यात संस्थेचं सांगा:

“बाबांच्या इच्छेप्रमाणे उठावण्याला हार-फुलं आणू नयेत, ही विनंती. त्यांच्या स्मरणार्थ कुणाला काही द्यावंसं वाटलं, तर ते (वसतिगृहाचं पूर्ण नाव) येथे थेट देता येईल.”

पहिलं वाक्य सगळ्यांसाठी आहे आणि ते पाळायला काहीच खर्च नाही. दुसरं ज्याला वाटेल त्याच्यासाठी. ‘द्यावी’ काढून ‘देता येईल’ केलंय, तेही मुद्दाम. ‘ही विनंती’ फक्त फुलांना जोडली आहे, देणगीला नाही.

‘उठावण्याला’ हा शब्द गाळू नका. अंत्ययात्रेची बातमी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर दोन-चार तासांत फिरते, पेपरात निवेदन येईपर्यंत मंडळी मुक्तिधामातून परतलेली असतात. शिवाय तिरडीवरची फुलं हा विधीचा भाग आहे, ती घरचेच आणतात. नुसतं ‘फुलं नकोत’ लिहिलंत तर एखादी आत्या तिथेच हटकेल. आणि सोयऱ्यांकडून तेराव्याला येणारा दुखवटा या ओळीत येत नाही. तो नको असेल तर भावाने चार घरी फोन करून सांगायचं, ते छापायची गोष्ट नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत पेपरातलं निवेदन हिंदीत आणि नातेवाइकांचा निरोप मराठीत जातो. हिंदी मजकूर पेपरच्या काउंटरवरच्या माणसाकडून करून घेऊ नका, तो ‘दान करें’ लिहून मोकळा होईल. मराठी कानाला मृत्यूच्या घरी ‘दान’ म्हटलं की गोदान, दशदान आणि गुरुजी आठवतात. ‘सहयोग’ बरा: “पिताजी की इच्छानुसार उठावने में पुष्प-माला न लाएँ। उनकी स्मृति में सहयोग सीधे संस्था को दिया जा सकता है।” ‘संस्था’च्या जागी नाव पूर्ण घाला.

नाव पूर्ण का, ते आमच्या घरी शिकले. माझे काका गेले तेव्हा निवेदनात फक्त ‘सामाजिक संस्थेस मदत करावी’ असं होतं. कुठली संस्था, कुणालाच कळेना. मग उठावण्यातून उठताना लोक चुलत भावाच्या हातात पाकिटं ठेवू लागले. अकरा पाकिटं जमली, चारांवर नावच नव्हतं. काकू आतल्या खोलीत बसलेली आणि भाऊ ओट्यावर डब्याच्या झाकणात पाकिटं रचतोय, हे दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शेवटी सगळी रक्कम एकत्र करून त्याने स्वतःच्या नावाने एका संस्थेत भरली, तर एका नातेवाइकाने नंतर पावती मागितली. पावती भावाच्या नावाची, काय देणार? तुमच्या मजकुरातलं ‘थेट’ त्यासाठी आहे. पैसे घरच्या कुणाच्याही खात्यावर किंवा हातात यायला नकोत.

आता बाबा आहेत तोवर वसतिगृहात एकदा जाऊन या. तीन गोष्टी विचारा. खातं नेमकं कुठल्या नावाने आहे? (पाटीवरचं नाव आणि ट्रस्टचं नाव पुष्कळदा वेगळं असतं.) पावतीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहून मिळेल का? आणि नंतर देणाऱ्यांची नावं, रकमा न लिहिता, तुम्हाला कळवतील का? नावं हवीत ती तेराव्यानंतर आभाराचे फोन करायला. कुणी किती दिले ते तुम्हाला कळूच नये, पुढच्या लग्नकार्यांत ते आकडे मनात येत राहतात.

खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड पेपरात छापू नका, आणि शोकसंदेशाच्या चित्रात तर मुळीच टाकू नका. असं चित्र पन्नास गटांत फिरतं आणि कोड बदलून पुढे ढकलणं अवघड नाही. निवेदनात एका भाच्याचा नंबर द्या. जो विचारेल त्याला त्याने संस्थेचाच तपशील पाठवावा आणि सांगावं, की पैसे पाठवण्याआधी पडद्यावर ट्रस्टचं नाव दिसलं तरच पुढे जा. करसवलतीचं कुणी विचारलं तर तेही तिथेच: संस्थेकडे ८०-जी आहे का ते आधी पाहून ठेवा. जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यालाच तिचा फायदा, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. निवेदनात मात्र याचा उल्लेख नको, फोटोखाली ‘करसवलत’ वाचायला कसंसंच होतं.

इतकं करूनही पाच-सहा जण हार घेऊन येतील. घ्या आणि घाला, दारात कुणाला ‘वाचलं नाही का’ म्हणू नका. आणि एक हार सकाळीच घरचा घालून ठेवा. फोटो उघडा दिसला, की पहिला आलेला माणूसच कुणाला तरी चौकात हार आणायला पिटाळतो.

मजकूर मोठ्या अक्षरात लिहून बाबांना वाचून दाखवा. इतकी वर्षं मुलांना वाचून दाखवणारा माणूस एखादा शब्द नक्की बदलायला लावेल. तो बदला, आणि कागदावर त्यांची सही घेऊन भावाकडे द्या.