दऱ्या आणि दर्या: फॉन्टचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं

प्रश्न: मराठी टाइप करताना ट्र, श्र, ऱ्य यांचे आकार एका फॉन्टमध्ये एक आणि दुसऱ्यात वेगळेच दिसतात. कधी कधी तर 'दऱ्या'चं 'दर्या'च होतं. माझं टायपिंग चुकतंय की फॉन्ट? बरोबर कसं टाइप करायचं?

उत्तर:

ट्र आणि श्र वेगळे दिसतात ती फॉन्ट काढणाऱ्याची मर्जी, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं असेल तर मात्र अक्षरंच बदललेली आहेत. ती तुमच्या बोटांनी बदलली किंवा मधल्या एखाद्या सॉफ्टवेअरने. फॉन्ट बदलून ते दुरुस्त होणार नाही.

युनिकोडमध्ये रफार नावाचं अक्षर नाही आणि रकार नावाचंही नाही. तिथे फक्त र (U+0930) आहे आणि पाय मोडण्याचं चिन्ह (U+094D) आहे. र, पायमोड, क अशा क्रमाने आलं की र्क होतो. क, पायमोड, र असं आलं की क्र. क्रम नेहमी उच्चाराचा. रफार डोक्यावर चढवायचा की रकार पोटात घालायचा, हे मजकूर पडद्यावर मांडणारं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून ठरवतात. फाइलमध्ये त्या आकाराची कुठेही नोंद नसते.

आता आकार का बदलतात ते. प, ग, म, व यांना उभा दंड आहे, त्यामुळे रकाराची तिरपी रेघ त्या दंडाला टेकवता येते. ट, ठ, ड, ढ, छ यांचं पोट गोल, खाली टेकायला दंडच नाही. म्हणून त्यांच्या खाली छपरासारखी छोटी खूण येते. ती किती मोठी, ट ला किती चिकटलेली, तिच्यासाठी ट स्वतः थोडा आखडायचा का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 'राष्ट्र' घ्या: ष, पायमोड, ट, पायमोड, र. एखादा फॉन्ट ष च्या खाली ट आणि त्याखाली छप्पर अशी तीन मजली मांडणी करतो. दुसरा अर्धा ष डावीकडे ठेवून शेजारी ट्र लिहितो. दोन्ही बरोबर आणि दोन्हींच्या मागची अक्षरं तीच. तीन मजली फॉन्टमध्ये ओळींतलं अंतर कमी ठेवलं तर छप्पर खालून कापलं जातं, तेवढं फक्त पाहा.

श्र चं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण मुळात श चीच दोन रूपं प्रचारात आहेत. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यात मराठीसाठी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल घेतले. हिंदीच्या वळणाचे फॉन्ट दुसरी रूपं दाखवतात. काही फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. वेबपानावर ते असं सांगायचं:

```html
<p lang="mr">शाल, श्रावण, लेखणी</p>
```

वर्डमध्येही मजकूर निवडून भाषा मराठी करता येते. फॉन्टमध्ये मराठी रूप भरलेलंच नसेल तर याने काही होणार नाही.

श वरून एक खरीखुरी टायपिंगची चूक जन्माला आली आहे. श्र मध्ये श चा डावा भाग आखडून वेगळाच दिसतो, आणि अनेक फॉन्ट शृ काढतानाही तोच आखडलेला श वापरतात. डोळ्यांना वाटतं, इथे श्र आहे आणि त्याखाली ऋकार आहे. मग लोक 'श्रृंगार', 'श्रृंखला' टाइप करतात. बरोबर आहे शृंगार आणि शृंखला: श, मग थेट ऋकार, मध्ये र नाही. एखाद्या फॉन्टमध्ये शृ अख्ख्या श ला ऋकार लावल्यासारखा दिसला तर दिसू द्या. हृदय आणि ह्रास यांचंही तसंच. पहिल्यात ह ला ऋकार, दुसऱ्यात ह, पायमोड, र.

रफाराचा आकार फॉन्टागणिक फारसा बदलत नाही, जागा बदलते. टाइप करताना तो आधी येतो, पण दिसताना जोडाक्षराच्या उजव्या टोकाला जातो, काना असेल तर कान्यावर. 'सर्वांना' या शब्दात रफार आणि अनुस्वार दोघांनाही त्याच कान्याच्या डोक्यावर बसायचं असतं. चांगल्या फॉन्टमध्ये या जोडीसाठी वेगळा आकार काढलेला असतो किंवा अनुस्वार नीट बाजूला सरकवलेला असतो. तसं नसेल तर दोघे एकमेकांवर चढतात. नवा फॉन्ट घ्यायचा असेल तर मी आधी हाच शब्द लिहून बघेन. त्यानंतर 'शार्ङ्गधर'. फॉन्टमध्ये ङ्ग हे जोडाक्षर असेल तर रफार त्याच्यावर बसतो. नसेल तर ङ् पाय मोडून उभा राहतो आणि रफार ग पर्यंत न पोचता त्या ङ् वरच अडकतो. टाइप केलेली अक्षरं तीच असली तरी रफार फॉन्टागणिक वेगळ्या ठिकाणी दिसतो.

आता ऱ्य. हिंदीत हा अर्धा र लागत नाही, मराठीत त्याने अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. शब्दाच्या शेवटी रा किंवा री असेल आणि त्याचं पुढे 'या' होत असेल तर बहुधा हाच र येतो: वारा–वाऱ्यावर, सुरी–सुऱ्या, दुसरा–दुसऱ्या. ह च्या आधीही तो येतो: कऱ्हाड, गिऱ्हाईक, कुऱ्हाड. पण अर्हता आणि गर्हणीय हे संस्कृत शब्द रफारानेच लिहायचे.

तो टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एक, नुक्ता असलेला ऱ (U+0931), मग पायमोड, मग य किंवा ह. दोन, साधा र, पायमोड, त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह (U+200D), मग य. युनिकोडच्या नियमांत दोन्ही आहेत. दुसरा मार्ग जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. नेपाळीत मात्र हाच दुसरा मार्ग रुळलेला आहे. मराठीसाठी मी आग्रहाने पहिला सांगेन. जोडचिन्ह अदृश्य असतं, आणि अदृश्य चिन्हं 'साफ' करणारी सॉफ्टवेअरं ते मुकाट्याने गाळतात. ते गळलं की उरतं र, पायमोड, य, म्हणजे 'दर्या'. शब्द खराही आहे आणि शुद्धही, त्यामुळे तपासनिसाच्या नजरेतूनही सुटतो. तुमच्या 'दऱ्या'चं बहुधा हेच झालं असावं. ऱ वापरला आणि फॉन्टला तो अर्धा र येत नसला, तर ऱ् पाय मोडून य शेजारी उभा दिसतो. कुरूप दिसतं, पण चूक लपत नाही आणि अर्थही बदलत नाही.

इन्स्क्रिप्ट मांडणीत दोन्ही शब्दांत फरक एका शिफ्टचा आहे:

```
दर्या   o  j  d  /  e
दऱ्या   o  J  d  /  e
```

j म्हणजे र, शिफ्टसह J म्हणजे ऱ, d म्हणजे पायमोड. फोनवरच्या काही मराठी कळफलकांत र वर बोट दाबून धरलं की ऱ मिळतो. वर्डमध्ये 0931 टाइप करून लगेच Alt+X दाबलं तरी येतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारी साधनं वापरत असाल तर खाली येणाऱ्या पर्यायांतून ऱ्य असलेला शब्द निवडा आणि एकदा खात्री करा की आत खरंच काय गेलं आहे. पायथॉन हाताशी असेल तर:

```python
for c in "दऱ्या": print(hex(ord(c)))
```

0x926, 0x931, 0x94d, 0x92f, 0x93e असं आलं तर ठीक. मध्ये 0x200d दिसलं तर तो जोडचिन्हाचा मार्ग आहे. एकाच मजकुरात दोन्ही मिसळले की शोध अर्धवट लागतो: एका पद्धतीने लिहिलेला 'दुसऱ्या' शोधला तर दुसऱ्या पद्धतीचा सापडेलच असं नाही.

टंकलेखन यंत्राची सवय असलेल्यांची अडचण निराळी. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतील त्या क्रमाने दाबायची असतात, रफार शेवटी. तिथे धर्म म्हणजे

```
/keZ
```

आणि यातला Z हा रफार, म नंतर आलेला. तीच सवय युनिकोडमध्ये नेली की 'धमर्' होतं. पीडीएफमधून मजकूर उचलतानाही हेच घडतं, कारण तिथे आकार दिसण्याच्या क्रमाने ठेवलेले असू शकतात. मग 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम' होतं, म्हणजे रफार य सोडून पुढच्या क्र वर जाऊन बसतो, आणि 'सर्वांना'चं 'सवार्ंना'. अशा मजकुरात 'यर्' शोधून सरसकट 'र्य' करू नका, नाहीतर 'आयर्लंड'चं 'आर्यलंड' होईल. 'कायर्क्रम', 'कायार्लय' असे अख्खे शब्द घेऊन एकेक बदला. आणि र् नंतर लगेच अनुस्वार किंवा वेलांटी आलेली जागा दिसली, तर ती हमखास मोडलेली समजा.