मंडपाचा एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका

प्रश्न: आमच्या गणेश मंडळाचा मंडप मीटरपासून ६० मीटरवर आहे. तात्पुरतं कनेक्शन सिंगल फेज, केबल ६ स्क्वेअर एमएम तांब्याची. लोड: स्टेजचे एलईडी पार १८०० वॉट, गेटवर ४०० वॉटचे चार मेटल, साउंड २ किलोवॉट, फ्लड ८००, माळा ८००, पंखे ९००, देखाव्याची एक एचपीची मोटर, सीसीटीव्ही २००. आरतीच्या वेळी सगळं चालू केलं की ३२ अँपिअरचा एमसीबी पडतो. लायटिंगवाला म्हणतो, ६३ चा टाकू, काही होत नाही. टाकू द्यावा का?

उत्तर:

नाही, अजिबात टाकू देऊ नका. एमसीबी पडतोय तो योग्यच पडतोय.

आधी बेरीज करू. मेटल लाईटच्या चोकमध्येही वीज जाते, म्हणून ४०० चा दिवा ४५० धरायचा, म्हणजे गेटचे १८००. एक एचपीची मोटर मीटरवर साधारण हजार वॉट घेते. सगळं मिळून ९३०० वॉट होतात. भागिले २३०, म्हणजे ४० अँपिअर. पॉवर फॅक्टरमुळे प्रत्यक्षात टोंग टेस्टरवर याहून जास्तच दिसेल. मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते, तो वेगळाच. ३२ चा एमसीबी यावर टिकणार नाही, आणि टिकूही नये.

आता ६३ चा बसवला तर काय होईल? एमसीबी केबलसाठी असतो. ६ स्क्वेअरच्या केबलला ४० अँपिअर म्हणजे जवळजवळ शेवटची मर्यादा, तीही केबल मोकळ्या हवेत असेल तर. तुमच्याकडे उरलेली केबल बहुतेक मीटरखाली वेटोळं करून ठेवलेली असेल. त्या वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि ६३ चा एमसीबी ५५ अँपिअरला शांत बसतो. पहिलं वितळतं ते जोडाचं ठिकाण: पिळून टेप मारलेला जोड, किंवा नीट न आवळलेला स्क्रू. मागे कापड आणि थर्माकोल असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

शिवाय ड्रॉप बघा. ६० मीटर जाऊन ६० मीटर परत, ६ स्क्वेअर तांब्याचा रोध साधारण ०.४ ओहम. ४० अँपिअरवर १६ व्होल्ट वाटेतच जातात आणि सहाशेहून जास्त वॉट केबल तापवण्यात खर्च होतात. आरतीच्या वेळी दिवे मंद होऊन मोटर घरघरते ना, त्याचं हेच कारण.

उपाय एकच, थ्री फेज कनेक्शन. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा लोड वाढवून मागा. परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल, तेव्हा त्यालाच बोर्डाचं कामही सांगा. वाटणी मी अशी करेन. आर फेजवर साउंड, सीसीटीव्ही आणि निम्मे फ्लड, म्हणजे २६०० वॉट. वाय वर स्टेज पार आणि गेट, ३६००. बी वर मोटर, पंखे, माळा आणि उरलेले फ्लड, ३१००. सर्वात भरलेल्या फेजवरही १६ अँपिअरच्या आसपासच येतात. फ्लड मुद्दाम दोन फेजवर ठेवलेत, कारण एक फेज गेला तरी गर्दी अंधारात उभी राहू नये. साउंड मोटरपासून वेगळा ठेवलाय, त्याने खरखर कमी होते. मीटरजवळ २५ अँपिअरचा फोर पोल एमसीबी लावा. त्याच जाडीच्या चार कोअर केबलवर (अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड असेल तर १० स्क्वेअर) ड्रॉप १६ वरून तीन-चार व्होल्टवर येईल, कारण फेज बऱ्यापैकी सारखे भरले की न्यूट्रलमधून थोडाच करंट परततो.

पण थ्री फेज घेतला की न्यूट्रलला जपावं लागतं. तो मध्येच सुटला तर कमी लोडच्या फेजवर ३०० व्होल्टच्या वरही जाऊ शकतात आणि माळा, एलईडी, अ‍ॅम्प्लिफायर एका झटक्यात जातात. काही दिवे मंद आणि काही डोळे दिपवणारे दिसले, तर कारण शोधत बसू नका, आधी मेन पाडा. न्यूट्रलला फ्यूज नको, पिळलेला जोड नको. लग क्रिंप करूनच बसवा, आणि न्यूट्रलची जाडी फेजइतकीच ठेवा, कारण एलईडीच्या ड्रायव्हरमुळे न्यूट्रलमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त करंट येतो.

आता माणसांच्या जिवाचं. तुम्ही अर्थिंगचा उल्लेख केलेला नाही, आणि भाद्रपदात पाऊस असतो. मंडपाच्या लोखंडी पाइपला फेज चिकटला असं समजा. जमिनीत ठोकलेल्या एका सळईचा रोध ५० ओहम असणं अगदी शक्य आहे. मग करंट वाहील २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर. त्या सर्किटचा १६ चा एमसीबी त्याकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि पाइपवर जीवघेणा व्होल्टेज तसाच राहील. म्हणून प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (हल्ली दुकानात आरसीसीबी म्हणून मिळतो) हवाच. त्याच ५० ओहमवर पाइपवर दीड व्होल्टाहून जास्त आला की तो क्षणार्धात सर्किट तोडतो. मंडपाचा सांगाडा, स्टेजचं ट्रस आणि दिव्यांच्या बॉडी हिरव्या वायरने अर्थला जोडा. ईएलसीबीचं टेस्टचं बटण रोज संध्याकाळी दिवे लावण्याआधी दाबा.

पावसात तो पडायला लागला की लायटिंगवाले बायपास करतात. तसं करू देऊ नका. सगळी सर्किट बंद करून एकेक चालू करा, कोणतं चालू करताच पडतं ते कळेल. बहुतेक वेळा ओली माळ किंवा जमिनीवर पडलेला प्लग निघतो. कोरड्या दिवशीही पडत असेल तर बोर्ड उघडून न्यूट्रल बघा. दोन ईएलसीबीचे न्यूट्रल पुढे मंडपात कुठेतरी एकत्र बांधलेले असतात, मग एकातून गेलेला करंट दुसऱ्यातून परततो आणि दोन्ही कारण नसताना पडतात. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल शेवटपर्यंत स्वतंत्र न्यावा लागतो.

पहिल्या दिवशी सगळं एक तास पूर्ण चालवा. मग टोंग टेस्टरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजा, आणि केबलच्या वरच्या आवरणाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर तिथला लोड कमी करा. बोर्डातल्या जोडांना मात्र हात लावू नका, तिथे ठेकेदाराकडची तापमान गन वापरा.

जनरेटर ठेवणार असाल तर चेंजओव्हर फोर पोलचाच घ्या. जनरेटरचा न्यूट्रल आणि बॉडी अर्थ केलेली असली पाहिजे, नाहीतर त्याच्यावर चालताना ईएलसीबी पडणारच नाही.

थ्री फेज यंदा मिळालाच नाही, तर लोड उतरवा. गेटवरच्या मेटलऐवजी १५० वॉटचे चार एलईडी फ्लड लावा, बाराशे वॉट वाचतात, आणि साउंडला स्वतंत्र छोटा जनरेटर द्या. उरतात ६१०० वॉट, म्हणजे २७ अँपिअरच्या आसपास. वेटोळं उलगडलेल्या ६ स्क्वेअरवर आणि सध्याच्याच ३२ च्या एमसीबीवर ते चालेल.