'बंद झाल्यावर' की 'बंद होण्याऐवजी': पत्त्यावरचा मजकूर कसा लिहावा

प्रश्न: आम्ही मित्र मिळून मराठीत पत्त्यांचा खेळ बनवतोय. एकाच घटनेवर दोन पत्ते लागू झाले की कुणाचा आधी यावरून दर वेळी वाद होतो. पत्त्यावर नेमकं काय लिहिलं म्हणजे वाद मिटेल?

आधी एक तपासा. तुमचे दोन्ही पत्ते घटना घडून गेल्यावर काम करतात, की त्यातला एक ती घटना घडूच देत नाही? मजकुरातून हे कळत नसेल तर 'कुणाचा आधी' हा वाद कितीही घातला तरी मिटणार नाही. दोघांच्या डोक्यात घटनाच वेगवेगळ्या असतात.

आम्ही सोलापुरात यंत्रमागांवर एक खेळ बसवला आहे, त्यातलेच पत्ते घेतो. प्रत्येकाचा एक कारखाना. चालू माग उभा ठेवायचा, बंद माग आडवा. पहिल्या मसुद्यात असे तीन पत्ते होते:

लोडशेडिंग: समोरच्याचा एक माग बंद करा.
जनरेटर: तुमचा माग बंद झाला तर तो चालू ठेवा.
जॉबर: तुमचा माग बंद झाला तर एक पत्ता उचला.

समोरच्याने लोडशेडिंग टाकलं. माझ्याकडे जनरेटर आणि जॉबर दोन्ही मांडलेले आहेत. मी म्हणणार, माग बंद झाला, जॉबरमुळे पत्ता उचलला, मग जनरेटरने माग चालू झाला. समोरचा म्हणणार, जनरेटर होता म्हणजे माग बंद झालाच नाही, पत्ता कसला उचलतोस? वाचून दोघंही बरोबर ठरतात. 'बंद झाला तर' म्हणताना घटना होऊन गेली असं वाटतं आणि 'चालू ठेवा' म्हणताना ती झालीच नाही असं. एकाच वाक्यात दोन काळ आले आहेत.

इथे खेळ बनवणाऱ्याने ठरवायचं की आपल्याला कुठला जनरेटर हवा. घटना घडूच द्यायची नसेल तर असं लिहा: 'तुमचा माग बंद होणार असेल, तर त्याऐवजी जनरेटर टाकून द्या.' मग माग क्षणभरही बंद झाला नाही आणि जॉबरला काही मिळत नाही. घटना घडून मग दुरुस्त व्हावी असं वाटत असेल तर: 'तुमचा माग बंद झाल्यावर जनरेटर टाकून देऊ शकता. दिल्यास तो माग चालू करा.' आता माग खरोखर बंद झाला, म्हणून जॉबरचा पत्ता मिळतो. शिवाय 'माग चालू झाल्यावर' असं म्हणणारा कुठला पत्ता असेल तर तोही लागू होतो. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात हीच विभागणी आहे. 'इन्स्टेड' हा शब्द आला की तो पत्ता घटना बदलतो. 'व्हेन', 'व्हेनेव्हर' किंवा 'अ‍ॅट' आला की तो घटनेनंतर जागा होतो. तुम्हीही दोनच साचे ठरवा, 'त्याऐवजी' आणि 'झाल्यावर', आणि 'झाला तर', 'झाल्यास', 'होताच', 'होताना' हे सगळं पत्त्यांवरून काढून टाका. मराठी वाचायला गोड लागावी म्हणून एकाच अर्थासाठी चार रूपं वापरायचा मोह होतो. पत्त्यावर तो टाळाच. रूप बदललं की खेळणारा अर्थही बदलला असं धरतो, आणि ते त्याचं बरोबरच आहे.

'त्याऐवजी'वाला पत्ता एकच असेल तर क्रमाचा प्रश्नच येत नाही, कारण मूळ घटनाच घडत नाही. खरा क्रम लागतो तो दोन 'झाल्यावर' एकत्र आले की. त्यासाठी नियम पत्त्यावर लिहू नका, नियमपुस्तिकेत एकदाच लिहा. मॅजिकमध्ये 1999 च्या सिक्स्थ एडिशनपासून पत्ते एकावर एक रचायची पद्धत आहे. डब्यातल्या भाकरीच्या चळतीसारखं, शेवटी ठेवलेली आधी हातात येते. एकाच वेळी जागे झालेल्या पत्त्यांत ज्याची पाळी चालू आहे त्याचे आधी रचायचे, मग दुसऱ्याचे. म्हणजे ज्याची पाळी नाही त्याचा परिणाम आधी होतो. स्वतःचेच दोन असतील तर क्रम स्वतः ठरवायचा.

आता यात चौथा पत्ता घाला, कारण खरी कसोटी तिथेच लागते.

भंगारवाला: समोरच्याचा माग बंद झाल्यावर, तो अजून बंद असेल तर टाकून द्यायला लावा.

माझ्याकडे दुसऱ्या प्रकारचा जनरेटर आहे, म्हणजे 'बंद झाल्यावर'वाला. समोरच्याकडे भंगारवाला आहे. पाळी त्याची. तो लोडशेडिंग टाकतो, माझा माग आडवा होतो. दोन पत्ते एकदम जागे झाले. पाळी त्याची म्हणून भंगारवाला आधी रचला, त्याच्यावर माझा जनरेटर. वरचा आधी: मी जनरेटर टाकून देतो, माग उभा होतो. मग भंगारवाल्याची वेळ येते. तो विचारतो, अजून बंद आहे का? नाही. काहीच होत नाही.

आता प्रसंग तोच, पण पाळी माझी. समजा मी स्वतःच एक माग बंद करून काहीतरी मिळवलं. आता माझा जनरेटर आधी रचला जातो आणि भंगारवाला वर बसतो. भंगारवाला आधी बघतो, माग बंदच आहे, तो गेला. मग जनरेटरची वेळ. चालू करायला माग उरलाच नाही, पण 'टाकून देऊ शकता' असं लिहिल्यामुळे मी जनरेटर हातचा घालवत नाही. दोन्ही पत्त्यांचा मजकूर तोच होता, तरी फक्त पाळी बदलल्याने निकाल उलटला. हे खेळणाऱ्याला आधी कळलं तर तो डाव रचतो. नंतर कळलं तर आवाज चढतो.

भंगारवाल्यातले 'तो अजून बंद असेल तर' हे शब्द काढून बघा. पहिल्या प्रसंगात जनरेटरने माग चालू केलेला असतानाही भंगारवाला तो घेऊन जाईल. ही अट दोनदा तपासली जाते, पत्ता जागा होताना एकदा आणि परिणाम करताना पुन्हा एकदा. तुम्हाला दोनदा तपासायचं नसेल तर अट लिहूच नका. आणि अट लिहायचीच असेल तर ती 'झाल्यावर'च्या लगेच नंतर, त्याच वाक्यात लिहा. वाक्याच्या शेवटी टाकलेली अट कशाला लागू आहे यावर पुन्हा वेगळं भांडण सुरू होतं.

दुसरं ठिकाण जिथे वाद हमखास होतो ते म्हणजे किंमत. 'एक चादर द्या आणि समोरच्याचा एक माग बंद करा.' समोरच्याने हरकत घेऊन पत्ता रद्द केला, तर चादर परत मिळते का? चादर नसतानाच हा पत्ता टाकता येतो का? 'आणि'मधून दोन्ही उत्तरं निघतात. यु-गि-ओह या पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीने, कोनामीने, 2011 मध्ये पत्त्यांचा मजकूर नव्या शिस्तीने लिहायला घेतला तो याच कारणासाठी. पत्ता कधी वापरता येतो ते अपूर्णविरामाच्या आधी, वापरतानाच काय द्यायचं किंवा काय निवडायचं ते अर्धविरामाच्या आधी आणि परिणाम त्याच्या नंतर. मराठीत मी अर्धविरामावर भिस्त ठेवणार नाही. तो डोळ्यातून निसटतो. सरळ दोन ओळी करा:

किंमत: एक चादर टाकून द्या. समोरच्याचा एक चालू माग निवडा.
परिणाम: तो माग बंद करा.

आता कुठलाच प्रश्न उरत नाही. चादर नाही तर पत्ता टाकता येत नाही. पत्ता रद्द झाला तरी चादर गेली. मागही पत्ता टाकतानाच निवडायचा, म्हणून समोरच्याने उत्तरादाखल तोच माग विकून टाकला तर ऐन वेळी दुसरा निवडता येत नाही. वाया गेला तर गेला.

परिणामाच्या ओळीत दोन कामं असतील तर ती कशी जोडायची तेही एकदा ठरवून टाका. आम्ही 'आणि' म्हणजे दोन्ही एकदम, 'मग' म्हणजे आधी हे आणि नंतर ते, आणि 'तसं केल्यास' म्हणजे पहिलं झालं तरच दुसरं, असं धरतो. 'एक माग बंद करा. तसं केल्यास एक पत्ता उचला.' यात बंद करायला माग नसेल तर पत्ताही नाही. 'तसं केल्यास' काढलं की पत्ता दोन्ही वेळा मिळतो.

यु-गि-ओहमधली एक गोष्ट मात्र उचलू नका. तिथे 'व्हेन… यू कॅन' असं लिहिलेला ऐच्छिक परिणाम, ती घटना सगळ्यात शेवटी घडलेली नसेल, तर हुकतो. ती घटना किंमत चुकवताना किंवा मधल्या टप्प्यात घडली की संधी गेली. इतकी वर्षं खेळणाऱ्यांनाही ते समजावून सांगावं लागतं. तुमच्या पुस्तिकेत एक वाक्य घाला: जागा झालेला पत्ता हुकत नाही, चालू पत्त्याचं काम संपेपर्यंत थांबतो आणि मग रचला जातो.

उदाहरणं लिहिताना वर केलं तसं करा. समोर काय काय मांडलं आहे, पाळी कुणाची, कोणता पत्ता पडला, मग एकेक पायरी, आणि निकाल. एकच उदाहरण पुरत नाही. त्याच्याशेजारी एकच गोष्ट बदलून निकाल उलटणारं दुसरंही ठेवा. नुसतं 'जनरेटर आधी' असं वाचलेला माणूस उद्या स्वतःच्या पाळीतही जनरेटर आधीच धरेल. आणि उदाहरणाचा निकाल पत्त्याच्या मजकुरातून आणि पुस्तिकेतून निघत नसेल, तर उदाहरण लांबवू नका, मजकूर बदला. उदाहरण प्रत्येकाच्या हातात नसतं, पत्ता असतो.

तपासायची एक सोपी रीत आहे. खेळ न पाहिलेल्या दोघांना तेच पत्ते आणि तोच प्रसंग द्या आणि एकमेकांशी न बोलता निकाल कागदावर लिहायला सांगा. दोन कागदांवर दोन निकाल आले की कोणत्या शब्दावर फाटा फुटला ते विचारा. बोट बहुतेक वेळा 'तर', 'आणि' किंवा 'तो' यावर पडतं. 'तो' म्हणजे माग की पत्ता, हे तर फारच सापडतं. तिथे सरळ नाव लिहा.

राहिला एक प्रसंग, जो तुमच्याकडेही लवकरच येईल: एकाच घटनेवर दोन 'त्याऐवजी'. समजा माझ्याकडे 'त्याऐवजी'वाला जनरेटर आहे आणि इन्व्हर्टरही आहे, त्यावर लिहिलंय 'तुमचा माग बंद होणार असेल, तर त्याऐवजी एक चादर टाकून द्या.' लोडशेडिंग पडलं. ज्याचा माग आहे त्याने दोनपैकी एक निवडायचा. मी इन्व्हर्टर निवडला, चादर टाकली. आता 'माग बंद होणार' ही घटनाच उरली नाही, म्हणून जनरेटर जागचा हलत नाही. समोरचा 'दोन्ही द्यावे लागतील' म्हणाला तर त्याला पुस्तिकेतली ही ओळ दाखवा: एक 'त्याऐवजी' लागू झाला की आता नवी घटना कोणती ते बघा, आणि दुसरा 'त्याऐवजी' त्या नव्या घटनेला बसत असेल तरच लावा.