रविवारच्या पातळ बाजारात: वाचकांचे प्रश्न

शनिवार-रविवारी बिटकॉइन बहुतेक वेळा जागचा हलत नाही. मग वीकेंडला जपून राहा असं का म्हणतात? (दांडिया बाजार, वडोदरा)

भाव शांत आहे म्हणजे बाजार भरलेला आहे, असं नाही. क्रिप्टो चोवीस तास चालू असला तरी त्यातले मोठे ग्राहक ऑफिसच्या वेळेतच येतात. अमेरिकेतले स्पॉट बिटकॉइन ईटीएफ, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणारे आणि शेअरसारखे विकले जाणारे फंड, जानेवारी २०२४ पासून आहेत, पण ते तिथल्या शेअर बाजाराच्या वेळेतच चालतात: आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री १.३०, हिवाळ्यात तासभर उशिरा. त्यातला शेवटचा तास विशेष गजबजलेला असतो, कारण बऱ्याच फंडांचं मूल्य त्याच तासातल्या भावावरून ठरतं. शनिवारी हे सगळे गायब. दोन्ही बाजूंनी भाव लावून बसणारे मार्केट मेकरही हात आखडता घेतात, कारण अंगावर आलेला माल पुढे खपवायला त्यांना गिऱ्हाईक कमी मिळतं. खंडेराव मार्केटात एकच भाजीवाला उरला, तर भाव तोच सांगेल, पण तुम्ही चाळीस किलो मागितलेत की बोलणं बदलेल.

रविवारी पहाटे सहाला ५,००० कॉइन मार्केट ऑर्डरने विकले. स्क्रीनवर भाव १०० रुपये, सरासरी मिळाली ९८.२४. एक्सचेंजने फसवलं का? (रावपुरा)

बहुधा नाही. स्क्रीनवरचे १०० हा फार तर शेवटच्या सौद्याचा भाव होता. तुमचा माल कोण घेणार, हे ऑर्डर बुकमध्ये कळतं. तुमच्या सरासरीशी जुळणारं एक बुक मांडून पाहू. खरेदीदार असे उभे आहेत असं समजा: ९९.५० ला ८००, ९९ ला १,२००, ९८.२० ला १,५०० आणि ९७ ला २,५००. मार्केट ऑर्डर वरून खाली एकेक पायरी खात जाते. पहिल्या तीन पायऱ्यांत ३,५०० कॉइन गेले, उरलेले १,५०० थेट ९७ ला. एकूण ४,९१,२०० रुपये, म्हणजे ८,८०० कमी.

हेच बुधवारी रात्री ९ ला केलं असतं आणि ९९.९० ला ३,०००, ९९.८० ला ४,००० कॉइनचे खरेदीदार असते, तर ४,९९,३०० हाती आले असते. तोटा फक्त ७०० चा. स्क्रीनवरचा भाव दोन्ही वेळी १००च.

पुढच्या वेळी विकण्याआधी चालू भावाच्या एक टक्का खालीपर्यंतच्या सगळ्या खरेदी ऑर्डर बेरजेत घ्या. वरच्या रविवारच्या बुकात ती बेरीज २,००० येते आणि तुमची ऑर्डर तिच्या अडीचपट होती! माझ्या मते एका वेळी त्या बेरजेच्या दहाव्या हिश्शाहून जास्त टाकू नये. लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाखाली विक्री होणार नाही, तुकडे करा, आणि घाई नसेल तर सोमवारची रात्र गाठा. रुपयातल्या जोड्यांमध्ये ही बेरीज आधीच लहान असते, तिथे दुप्पट काळजी घ्या.

स्टॉपलॉस ९५ ला होता. भाव क्षणभर ९३ ला जाऊन परत ९८ ला आला आणि माझा माल मात्र गेला. (कारेलीबाग)

पातळ बुकात एका मोठ्या विक्रीने असा खिळा पडतो. त्याच ठिकाणी पाचपन्नास जणांचे स्टॉप असतील तर ते एकमेकांना पेटवतात. तुमचा स्टॉप मार्केट प्रकारचा असेल, तर ९५ ला तो फक्त जागा होतो, विक्री मिळेल त्या भावाला होते. स्टॉप-लिमिटमध्ये ट्रिगर ९५ आणि लिमिट ९४ ठेवलं तर ९४ च्या खाली माल जात नाही. पण भाव खरंच कोसळला आणि ९४ च्या वर खरेदीदारच उरला नाही, तर तुम्ही तसेच अडकून राहता. दोन्हींपैकी कोणता धोका परवडतो, ते आधी ठरवा. फ्युचर्स करत असाल तर ट्रिगर ‘लास्ट प्राइस’ऐवजी ‘मार्क प्राइस’वर ठेवा. तो सहसा अनेक एक्सचेंजांच्या भावांवरून काढतात, त्यामुळे एकाच ठिकाणच्या खिळ्याने सहसा हलत नाही.

शुक्रवारी सगळं स्टेबलकॉइनमध्ये नेलं तर वीकेंडला निश्चिंत ना? (मांजलपूर)

चढउतारापुरते, हो. पण मार्च २०२३ आठवा. यूएसडीसी या डॉलरशी भाव बांधलेल्या स्टेबलकॉइनच्या साठ्यातले ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत होते आणि बँक शुक्रवारी १० तारखेला बंद पडली. शनिवारी एका डॉलरचं हे नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं. नाणं देऊन डॉलर घेण्याचा मार्ग अमेरिकी बँकांतून जातो आणि त्या तेव्हा बंद होत्या. त्यामुळे स्वस्तात घेऊन डॉलरला परत करणारे, म्हणजे एरवी भाव सावरणारे, हात बांधून बसले. रविवारी सरकारने ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं आणि सोमवारी बँका उघडल्यावर भाव डॉलरच्या जवळ आला. शनिवारी घाबरून विकणाऱ्याचा तोटा मात्र कायमचा झाला.