दुष्काळातल्या शेतकऱ्याची रोजनिशी लिहिताना

सगळा दुष्काळ एका पानात कोंबू नकोस, सुरुवातीला बहुतेक जण तिथेच फसतात. साल आणि एकच दिवस ठरव. समज, मे १९७३, मराठवाडा. तेव्हा शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडायचे, खायला सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो ज्वारी. मग लिही: ‘आज खडीचं माप कमी भरलं. हाताचे फोड फुटले, हिनं चिंधी बांधली. अर्धी सुकडी पोरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणली. कडबा उद्यापुरताच आहे. बैल विकावा का?’

‘भेगाळलेली धरणीमाता’ वगैरे भाषणातली वाक्यं टाळ. दमलेला माणूस हिशेब मांडतो. आणि शेवटी पाऊस पाडू नकोस. मेमध्ये लिहिणाऱ्याला जूनचं काय ठाऊक?