सूर चढला की प्रश्न होतो, मग मराठी ‘टोनल’ का नाही?

प्रश्न : ‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ यांत शब्द तेच, फक्त सूर बदलतो आणि अर्थ बदलतो. मग मराठीही चिनीसारखी टोनल भाषा म्हणायची का?

नाही. सूर बदलल्यावर नेमका कशाचा अर्थ बदलला, ते पाहा. ‘तो आला.’ म्हणताना सूर ‘ला’वर खाली उतरतो, ‘तो आला?’ म्हणताना त्याच ‘ला’वर वर चढतो. पण ‘आला’ म्हणजे येणेच राहिले. बदलला तो वाक्याचा हेतू. याला आपल्याकडे ‘हेल’ हा नेमका शब्द आहे आणि मला तो ‘इंटोनेशन’पेक्षा जवळचा वाटतो.

हा चढ मराठीत लागतो, तो प्रश्नाची दुसरी खूण नसते तेव्हा. ‘तो आला का?’ किंवा ‘कोण आलं?’ सपाट, अगदी उतरत्या सुरात म्हणा, तरी प्रश्नच राहतो, कारण ते काम ‘का’ आणि ‘कोण’ करतात. शिवाय प्रत्येक चढ प्रश्नाचा नसतो. ‘कांदे, बटाटे, मिरच्या...’ अशी यादी सांगताना दर शब्दाशेवटी सूर चढतो, तो ‘अजून संपलं नाही’ एवढंच सांगतो.

टोनल भाषेत सूर शब्दाचाच भाग असतो. लांब जायला नको, पंजाबी घ्या. आपल्या ‘घोडा’तला ‘घ’ तिथे ‘क’सारखा झाला, पण जाताना शब्दावर खालचा सूर ठेवून गेला. म्हणून खालच्या सुरातला ‘कोडा’ म्हणजे घोडा, सपाट सुरातला चाबूक आणि वरच्या सुरातला कुष्ठरोगी.

पिच ॲक्सेंट या दोन्हींहून वेगळा. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र सूर नसतो, शब्दातलं एखादं अक्षर उंच असतं आणि ते कोणतं, याला महत्त्व असतं. वैदिक संस्कृतातला उदात्त हाच. वैदिक कथेतल्या त्वष्टा या देवाला यज्ञातून ‘इंद्राला मारणारा’ मुलगा हवा होता. ‘इन्द्रशत्रु’ शब्दात त्यासाठी उदात्त शेवटच्या अक्षरावर हवा. तो पहिल्यावर पडला, अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणार तो’, आणि त्याचा हा मुलगा वृत्र इंद्राकडूनच मारला गेला.

मग चिनी माणूस सुराने प्रश्न विचारतच नाही का? विचारतो, पण शब्दाचा सूर सांभाळून. मँडरिनमध्ये उतरत्या सुरातला ‘माय’ म्हणजे विकणे. खाली जाऊन वर येणारा ‘माय’ म्हणजे विकत घेणे. ‘तो विकतो?’ असं विचारताना तिथे वाक्याची पट्टीच वर जाते, पण शेवटचा ‘माय’ उतरतोच. आपण सवयीने तो चढवला, तर ऐकणाऱ्याला ‘विकत घेतो’ असा भास होऊ शकतो. म्हणून नवशिक्याने आपल्या ‘का’सारखा शेवटी ‘मा’ जोडावा आणि ‘माय’ला निर्धास्त उतरू द्यावं.